‘विदाउट पेनल्टी’ मराठीत कसं सांगायचं? वैद्यकीय भाषांतरातल्या माझ्या पहिल्या वर्षाची हकिकत

जून २०२२मध्ये मी साताऱ्यातल्या एका दैनिकाच्या कार्यालयातली उपसंपादकाची नोकरी सोडली. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, घरी दुसरं कोणी नव्हतं आणि रात्रपाळी जमेना. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग इंग्रजी घेऊन बी.ए. आणि सहा वर्षं एजन्सीच्या इंग्रजी बातम्या मराठीत करायचा सराव, एवढं हाताशी होतं. घरबसल्या भाषांतर करू, दोन्ही भाषा येतात, असं वाटलं. प्रत्यक्षात पहिला रुपया खात्यात यायला जानेवारी २०२३ उजाडला. मधल्या सात महिन्यांत काय काय झालं हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहिते आहे.

पहिल्या पंधरा दिवसांत मी बावीस भाषांतर कंपन्यांना ईमेल पाठवले. उत्तरं तीन आली. तिघांनीही आधी गोपनीयतेचा करार पाठवला, प्रत्येक पानावर सही करून परत मागितला आणि मग तीनशे शब्दांची चाचणी दिली. या चाचणीचे पैसे मिळत नाहीत. तीनशे शब्दांपर्यंत फुकट करणं रूढ आहे. पण एका ठिकाणी ‘चाचणी’ म्हणून अठराशे शब्दांचं अख्खं माहितीपत्रक आलं. ते मी नाकारलं आणि तुम्हीही नाकारा. चाचणीच्या नावाखाली कोणाचं तरी खरं काम फुकटात उरकून घेण्याचा हा प्रकार असतो.

पहिल्या चाचणीत मी नापास झाले. चार दिवस मला ते लागून राहिलं होतं. सुदैवानं तपासणाऱ्यानं शेरे पाठवले होते. पहिला शेरा आकड्यांवर होता. मी काही ठिकाणी देवनागरी आणि काही ठिकाणी इंग्रजी आकडे वापरले होते. औषधाच्या मात्रेत असं झालं तर ते काम बाद. दुसरा शेरा माझ्या टंकलेखनावर होता: ‘बऱ्याचदा’ हा शब्द मी ‘बर्याचदा’ असा टाइप केला होता. वर्तमानपत्रात आम्ही जुन्या फॉन्टवर काम करायचो, तिथे हा अर्धा र वेगळ्या कळीनं यायचा. युनिकोडमध्ये इन्स्क्रिप्ट कळफलकावर Shift+J दाबून ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. ही एक गोष्ट जमली नाही तर ‘दुसऱ्या’, ‘ऱ्हास’ असलं काहीही लिहा, तपासणारा पहिल्या ओळीतच समजतो की लिहिणाऱ्याला युनिकोडची सवय नाही. मी आठवडाभर रोज अर्धा तास इन्स्क्रिप्टचा सराव केला. उच्चारानुसार टाइप करायच्या साधनावरही हे अक्षर मिळतं, पण वेग इन्स्क्रिप्टवरच येतो.

तिसरा शेरा मात्र मला तेव्हा कळला नाही. त्यात लिहिलं होतं, ‘भाषांतर अचूक आहे, पण रुग्णासाठी नाही.’

ऑगस्टमध्ये दुसऱ्या कंपनीची चाचणी पास झाले. ही कंपनी वैद्यकीय कागदपत्रांचं काम करते. त्यांनी दर शब्दाला नव्वद पैसे देऊ केले. मी सव्वा रुपया मागितला आणि एक रुपया दहा पैशांवर ठरलं. हे शब्द मूळ इंग्रजीतले मोजतात, मराठीतले नाही, आणि ही गोष्ट करारात लिहिलेली आहे ना, ते पाहून घ्या. मग नोंदणीचा फॉर्म आला: पॅन, रद्द केलेला धनादेश, वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असल्यानं जीएसटी नोंदणी केलेली नाही असं स्वतःच्या सहीचं पत्र, पदवीचं प्रमाणपत्र. हे सगळं पाठवून मी सप्टेंबरभर वाट पाहिली. एकही काम आलं नाही. आई म्हणायची, “अगं, फोन तरी लाव त्यांना.” फोन लावून उपयोग नसतो. काम आलं की ते आधी आपल्या जुन्या माणसांना विचारतात, ती रिकामी नसली की नव्यांचा नंबर लागतो.

१० ऑक्टोबरला पहिलं काम आलं. एका औषधाच्या चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णांसाठीचं संमतीपत्रक, चौदा पानं, ५,८०० शब्द, मुदत चार दिवस. वेगानं केलं तर दिवसाला दोन हजार शब्द होतात, पण ते सवय झाल्यावर. मी रात्री एक-एक वाजेपर्यंत बसले.

या कागदाविषयी थोडं सांगायला हवं. नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची तर प्रत्येक सहभागी व्यक्तीला, तिला समजेल अशा भाषेत, सगळी माहिती देऊन लेखी संमती घ्यावी लागते. आपल्याकडे हे २०१९च्या नव्या औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांमध्ये आहे. रुग्णालयाची नैतिकता समिती मूळ इंग्रजी कागदाबरोबर मराठी कागदही तपासून मंजूर करते. आणि रुग्णाला वाचता येत नसेल तर एका त्रयस्थ साक्षीदारासमोर तो कागद त्याला वाचून दाखवतात. म्हणजे माझी वाक्यं कोणीतरी मोठ्यानं वाचणार आणि कोणीतरी ती एकदाच ऐकून अंगठा उठवणार. हे मला काम सुरू करताना कोणी सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर मी निदान निम्मी वाक्यं वेगळी लिहिली असती.

१४ तारखेला काम पाठवलं. शुक्रवार, २१ ऑक्टोबर, वसुबारस. अंगणात रांगोळी काढत होते तेवढ्यात ईमेल आला: एक एक्सेल फाइल, एकतीस ओळी.

झालं असं होतं, की माझं मराठी त्यांनी दुसऱ्या एका भाषांतरकाराला दिलं होतं. त्यानं मूळ इंग्रजी पाहिलेलं नव्हतं. त्यानं माझ्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी केलं. याला उलट भाषांतर म्हणतात. मग कंपनीतल्या कोणीतरी दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून जिथे जिथे अर्थ सरकला ती वाक्यं काढली. कंपनीतल्या त्या व्यक्तीला मराठीचं अक्षरही येत नाही. तिला दिसतं ते एवढंच: मूळ इंग्रजी आणि परत आलेलं इंग्रजी. माझं मराठी बरोबर आहे हे तिला इंग्रजीतच पटवून द्यायचं होतं.

एक ओळ पूर्ण उलगडून सांगते. मी गोपनीयतेचा भंग करत नाही, कारण हे वाक्य असल्या प्रत्येक पत्रकात असतंच. मूळ वाक्याचा आशय असा: तुम्ही या चाचणीतून कधीही बाहेर पडू शकता, ‘विदाउट पेनल्टी ऑर लॉस ऑफ बेनिफिट्स’, आणि पुढे ते लाभ कोणते तर एरवी तुम्ही ज्यांना पात्र आहात ते. मी लिहिलं होतं:

“आपण कोणत्याही दंडाशिवाय किंवा आपण अन्यथा पात्र असलेल्या लाभांच्या हानीशिवाय कधीही अभ्यासातून माघार घेऊ शकता.”

व्याकरणात काही चूक नाही. वर्तमानपत्रात असतं तर खपलंही असतं. परत आलेल्या इंग्रजीत मात्र ‘दंड’ म्हणजे पैशांचा दंड एवढाच अर्थ उरला होता. मूळ शब्दात रागावणं, उपचार टाळणं, वाईट वागणूक देणं हे सगळं येतं. ‘माघार’चं परतलेलं इंग्रजी वाचून तर मी चपापले. माघार घेतो तो हरलेला किंवा भ्यालेला. उमेदवार अर्ज मागे घेतो तेव्हा आपण हाच शब्द वापरतो. ज्याला आधीच डॉक्टरांचा दबाव वाटतो, त्याला ‘माघार घ्या’ म्हणणं म्हणजे बाहेर पडू नका असं सुचवणंच झालं. आणि ‘आपण’! उलट भाषांतरकारानं एका ठिकाणी त्याचं ‘आम्ही आणि तुम्ही’ केलं होतं. चूक त्याची नव्हती. ‘आपण दर महिन्याला दवाखान्यात यावे’ हे ऐकणाऱ्याला बोलणाराही बरोबर येणार असं वाटू शकतं.

तासभर बसून मी ते असं बदललं:

“तुम्ही या संशोधनातून कधीही बाहेर पडू शकता. बाहेर पडलात म्हणून तुम्हाला दंड भरावा लागणार नाही किंवा कोणताही त्रास दिला जाणार नाही. एरवी तुम्हाला मिळणारे उपचार आणि सोयी चालूच राहतील.”

एका इंग्रजी वाक्याची तीन मराठी वाक्यं झाली. भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक मूळ वाक्याची एक वेगळी चौकट असते, आणि मला वाटायचं चौकटीत एकच वाक्य बसवायला हवं. तसं काही नाही. चौकट मोडायची नाही, पण तिच्या आत तीन वाक्यं लिहिता येतात.

मग शेवटच्या रकान्यात हे सगळं इंग्रजीत लिहायचं: शब्द का बदलला, नव्या वाक्याचा शब्दशः अर्थ काय, मूळ अर्थ कुठे कुठे आला आहे. या रकान्यानं माझा घाम काढला. बी.ए.ला निबंध लिहिले होते, पण मराठी न येणाऱ्या माणसाला ‘माघार’ या शब्दाचा वास दोन ओळींत इंग्रजीतून देणं हे वेगळंच काम आहे. इंग्रजी फार अलंकारिक नसलं तरी चालतं, नेमकं मात्र हवं. आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, त्या कंपनीनं मला पुढची कामं दिली ती या रकान्यामुळे. चांगलं मराठी लिहिणारे त्यांना मिळतात. आपल्या मराठीची बाजू इंग्रजीतून मांडणारे कमी मिळतात.

बाकीच्या तीस ओळींपैकी जवळपास निम्म्या एकाच कारणानं आल्या होत्या. मी औषधाच्या ‘ट्रायल’ला ‘चाचणी’ म्हटलं होतं आणि रक्ताच्या ‘टेस्ट’लाही ‘चाचणी’. परतलेल्या इंग्रजीत दोन्हींचा गोंधळ झाला होता. काही ठिकाणी ‘स्टडी’साठी ‘अभ्यास’ लिहिलं होतं आणि त्यातून ‘अभ्यास औषध’ असा शब्द तयार झाला होता. हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पोरांना अभ्यास यावा म्हणून देतात का काय?” तेव्हा मी ठरवलं: ट्रायल आणि स्टडी म्हणजे ‘संशोधन’, टेस्ट म्हणजे ‘तपासणी’, आणि ‘अभ्यास औषध’ याऐवजी ‘या संशोधनातलं औषध’. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश मी उघडून ठेवते, त्यांचा आधार मोठा आहे. ‘रॅन्डम’साठी ‘यादृच्छिक’ तिथूनच मिळतो. पण रुग्णाच्या कागदात मी तो एकदाच, कंसात ठेवते आणि आधी लिहिते, ‘तुम्हाला कोणत्या गटात घालायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, डॉक्टर किंवा तुम्ही निवडणार नाही.’

एका ओळीवर मात्र मी बदल नाकारला. ‘कॉम्पेन्सेशन’साठी मी दोन शब्द वापरले होते: चाचणीमुळे इजा झाली तर ‘नुकसानभरपाई’, आणि येण्याजाण्याचे पैसे देतात तिथे ‘प्रवासखर्च’. कंपनीचा आग्रह होता की सगळीकडे एकच शब्द हवा. मी इंग्रजीत कळवलं की दोन्हींना एक शब्द वापरला तर दोनशे रुपये प्रवासखर्च घेतलेल्या माणसाला वाटेल आपली नुकसानभरपाई मिळून गेली. त्यांनी मान्य केलं. असं नाकारायला सुरुवातीला भीती वाटते, काम जाईल असं वाटतं. कारण दिलं की जात नाही. नुसतं ‘मराठीत असंच म्हणतात’ लिहिलं तर जातं.

२३ तारखेला रात्री फाइल परत केली. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. त्यानंतर त्यांनी भाषांतर अचूक असल्याचं प्रमाणपत्र पाठवलं, त्यावर नाव, पात्रता, तारीख आणि सही. त्यावर सही करताना माझा हात थोडा थांबला होता. हा कागद नैतिकता समितीकडे जातो. मी सही करण्याआधी आख्खं पत्रक एकदा आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. आता प्रत्येक कामाला तसंच करते. आईला जिथे ‘पुन्हा वाच’ म्हणावं लागतं तिथे खूण करते.

आता पैशांचं. ३१ ऑक्टोबरला बिल पाठवलं: ५,८०० शब्द, १.१० दर, ६,३८० रुपये. पंचेचाळीस दिवसांत देणार असं करारात होतं. तीन आठवड्यांनी बिल परत आलं, कारण पॅनवर माझं माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं. लग्न झालेल्या, नाव बदललेल्या बायकांनी हे आजच तपासा. मी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडून पॅनवरचं नाव दुरुस्त करायला ऑनलाइन अर्ज केला, शुल्क शंभरावर काही रुपये लागलं आणि नवं कार्ड यायला अडीच आठवडे. दुसऱ्यांदा बिल पाठवलं आणि ९ जानेवारी २०२३ला खात्यात ५,७४२ रुपये जमा झाले. ६३८ रुपये कमी पाहून आधी मला वाटलं चूक झाली. ती दहा टक्के टीडीएसची कपात होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे वर्षाला तीस हजारांपर्यंत कापणं बंधनकारक नव्हतं, पण पुढे काम वाढणार असेल तर कंपन्या पहिल्या बिलापासूनच कापतात. हे पैसे बुडत नाहीत. आयकराच्या संकेतस्थळावर फॉर्म 26AS मध्ये आपल्या पॅनवर ते दिसतात का ते दर तिमाहीनंतर पाहायचं. एका बिलाची कपात माझ्या फॉर्ममध्ये दिसत नव्हती, कारण कोणीतरी पॅनचा एक आकडा चुकवला होता. वेळेवर कळवल्यामुळे ती दुरुस्त झाली.

फेब्रुवारीत त्याच कंपनीनं एक वेगळं काम दिलं आणि माझा भाषांतराकडे पाहण्याचा रोख तिथे बदलला. सांधेदुखीच्या रुग्णांनी स्वतः भरायची एक प्रश्नावली होती. तिचं भाषांतर आधीच दोघांनी वेगवेगळं करून, जुळवून झालेलं होतं. मला पाच रुग्णांना भेटून विचारायचं होतं की प्रत्येक प्रश्नाचा अर्थ त्यांना काय लागला. प्रत्येक मुलाखतीचे मला आठशे रुपये, रुग्णाला तीनशे. वय आणि शिक्षण वेगवेगळं हवं, निदान दोघं कमी शिकलेले हवेत, अशी अट होती. ओळखीच्या डॉक्टरांकडून पाच जण मिळवायला बारा दिवस गेले.

तिसऱ्या मुलाखतीत बासष्ट वर्षांच्या एक भाजीवाल्या काकू होत्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. मंडईमागे त्यांच्या ओट्यावर बसलो. चालण्याविषयीचा प्रश्न होता. मूळ इंग्रजीत ‘काही ब्लॉक’ चालता येतं का असं होतं, अमेरिकेतल्या रस्त्यांच्या हिशेबानं. मराठीत ‘ब्लॉक’ म्हणजे फ्लॅट, म्हणून भाषांतरकारांनी ‘काही गल्ल्या’ केलं होतं. मी विचारलं, “काकू, काही गल्ल्या म्हणजे तुमच्या मनात किती अंतर आलं?”

काकूंनी हात लांब केला. “ही आमची गल्ली. इथनं तिथं. धा पावलं. गल्ल्या काय, पाच बी चालंन मी. पर स्टँडवर जायचं म्हटलं की मधी दोनदा बसावं लागतंय.”

गुडघ्यांनी बेजार झालेल्या त्या बाईंनी कागदावर ‘काहीच त्रास नाही’ या चौकटीत खूण केली होती. मी त्यांच्या शब्दांत सगळं लिहून घेतलं आणि खाली इंग्रजीत अहवाल दिला: गल्लीची लांबी ठरलेली नाही, म्हणून उत्तर चुकीचं येतं, अंतर मीटरमध्ये द्यावं किंवा चालायला लागणाऱ्या मिनिटांत. असे बदल आपण करून टाकायचे नसतात. प्रश्नावली ज्यांची आहे त्यांची परवानगी लागते. ती पाच आठवड्यांनी आली आणि त्यांनी मीटर निवडले.

उत्तरांच्या पर्यायांतही असंच झालं. ‘क्वचित’ आणि ‘कधीकधी’ हे दोन वेगळे पर्याय होते. पाचपैकी तिघांना ते एकच वाटले आणि काकूंनी ‘क्वचित’चा अर्थच विचारला. तिथे ‘फार कमी वेळा’ सुचवलं. मन उदास असण्याच्या प्रश्नात ‘खिन्न’ शब्द होता. तो निवृत्त शिक्षकांना कळला, बाकी कोणाला नाही. चौघांनी आपण होऊन जे म्हटलं ते होतं, ‘कशात मन लागत नाही.’

जुलैमध्ये आयकर विवरण भरलं. कर लागण्याइतकं उत्पन्न नव्हतं, त्यामुळे कापलेली सगळी रक्कम सप्टेंबरात परत आली. आता महिन्याला साधारण वीस ते पंचवीस हजार शब्दांचं काम येतं, मधेच एखादा महिना कोरडा जातो. दर दीड रुपयापर्यंत आला आहे. उलट भाषांतराचंही काम करते. दुसऱ्याचं मराठी इंग्रजीत नेताना ते सुधारायचा मोह होतो, तो आवरावा लागतो. वाक्य अडखळत असेल तर इंग्रजीतही तसंच अडखळू द्यायचं, नाहीतर दोष लपतो आणि रुग्णापर्यंत पोहोचतो.

सध्या एक प्रश्न अडला आहे. हातापायांत ‘नम्बनेस’ आणि ‘टिंगलिंग’ हे दोन त्रास प्रश्नावलीत वेगवेगळे विचारायचे आहेत. साताऱ्यात मला ‘बधिर होणं’, ‘सुन्न पडणं’, ‘मुंग्या येणं’, ‘झिणझिण्या’ असे चार शब्द मिळाले, पण दोघी बायकांनी हात सुन्न पडल्यालाही ‘मुंग्या आल्या’ असंच म्हटलं. हाच कागद रत्नागिरीत आणि अमरावतीतही वाचला जाणार आहे. तुमच्याकडे हाताला काहीच कळेनासं होतं तेव्हा काय म्हणतात, आणि टोचल्यासारखं होतं तेव्हा काय, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मला कळवाल का? तालुक्याचं नावही लिहा.